दोघंही ४,२०० म्हणाले: वाटाघाटीचा सारांश करतानाच्या नोंदी

३ एप्रिल

वकीलसाहेबांनी पेनड्राइव्ह दिला. एमआयडीसीतली चटईची कंपनी, १८० पर्मनंट कामगार, मागचा करार ३१ डिसेंबरला संपला, नवीन तीन वर्षांच्या करारासाठी तीन बैठका झाल्यात आणि तिन्ही रेकॉर्ड केल्यात, दोन्ही बाजूंना विचारून. आता काम असं की कोणी किती ऑफर दिली, समोरच्यानं काय काउंटर केलं आणि कोणी काय सोडलं हे एका कागदावर पाहिजे, आणि तो एकच कागद युनियनलाही जाणार आणि मॅनेजमेंटलाही. पैसे अर्धे-अर्धे. म्हणजे माझ्यावर चिडायचा हक्कही अर्धा-अर्धा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सही करायचीय म्हणे. आखाजीला अर्धी एमआयडीसी गावाकडं पळते, नंतर कोणी सापडत नाही.

रेकॉर्डिंग १ तास ५०, २ तास ३५ आणि २ तास ५, एकूण साडेसहा तास. सगळं शब्दन् शब्द टाइप करायचं तर माझ्या स्पीडनं तासाला पाच-सहा तास जातात, म्हणजे पस्तीस-चाळीस तास, एवढा वेळ नाहीये. म्हणून ठरवलं की आधी एकदा नुसतं सलग ऐकायचं, जिथं कोणी आपल्या जागेवरून हलतंय असं वाटलं तिथं वेळ लिहायची, आणि मग फक्त त्या जागांच्या आधीची-नंतरची दोन-दोन मिनिटं शब्दशः उतरवायची.

४ एप्रिल

पहिली बैठक ऐकली. मोबाइल मॅनेजमेंटच्या बाजूला ठेवलेला दिसतो, एचआरचं खोकणंही स्पष्ट येतं आणि युनियनवाले विहिरीतून बोलल्यासारखे, वरून कूलरची घरघर. ऑडॅसिटीत घरघर थोडी कमी केली पण जास्त कमी केली की शब्दांची टोकं पण जातात, "देतो" आणि "देतो ना" यात फरकच राहत नाही आणि मला तर नेमका तोच पाहिजे. शेवटी घरघर राहू दिली, हेडफोन लावला आणि स्पीड पाऊण केला.

एक्सेलमध्ये रकाने केले: वेळ, मुद्दा, कोण, काय केलं, नेमके शब्द, अट, आणि आत्ता कुठं आहे. "काय केलं" मध्ये सुरुवातीला मी फक्त ऑफर आणि काउंटर एवढंच ठेवलेलं, तासाभरात समजलं की नाही पुरत. उदाहरणार्थ पगारवाढीवर मॅनेजमेंट म्हणाली महिन्याला २,४०० आणि आप्पा (युनियनचे अध्यक्ष, सगळे आप्पाच म्हणतात) म्हणाले "एवढ्यात तर पोराची वह्या-पुस्तकं पण येत नाहीत साहेब." हे काउंटर नाही. आप्पांची मागणी ६,००० होती आणि या वाक्यानंतरही ६,०००च आहे. नुसता नकार. तो काउंटर म्हणून लिहिला तर वाचणाऱ्याला वाटणार की युनियन हलली. म्हणून "नकार, जागा तीच" असा वेगळा प्रकार केला.

दुसरं म्हणजे एचआर साहेब दोनदा म्हणतात "मी शेठकडून काहीतरी घेऊन येतो". हीही ऑफर नाही. ज्याच्या हातात देणं नाही त्यानं दिलेलं आश्वासन आहे ते. "शेठला विचारणार" एवढंच लिहिलं.

आणि गंमत म्हणजे बोनसवर एचआर म्हणतात "८.३३ टक्के तर आम्ही देतोच आहोत, ते पण धरा". बोनस कायद्यात ८.३३ किमानच आहे, नफा असो की तोटा, द्यावाच लागतो. ते ऑफरच्या रकान्यात नाही टाकलं, पण बोलले ते बोलले, म्हणून शेरा लिहिला की कायद्यानं देय. यावर चिडतील बहुतेक. चिडू दे.

६ एप्रिल

काल रविवार, शेवभाजी खाऊन झोपले. आज दुसरी बैठक.

पगाराच्या चाली अशा दिसतात. युनियन ५,२००, मॅनेजमेंट ३,०००, युनियन ४,८००, मॅनेजमेंट ३,६०० आणि "हे शेवटचं". वाचायला एकदम सरळ. पण पहिल्या बैठकीच्या ३८व्या मिनिटाला एचआरनं स्वतः सांगितलंय की आमचा आकडा सीटीसी आहे, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, पीएफ-ग्रॅच्युइटी धरून. आणि आप्पांच्या मागणीपत्रात स्पष्ट आहे की वाढ मूळ पगारात, म्हणजे बेसिकमध्ये. दोघं जवळपास साडेचार तास वेगवेगळ्या मापानं मोजतायत आणि दोघांनाही ते अधूनमधून आठवतं आणि परत विसरतं.

म्हणून बाजूला एक हिशोबाचा रकाना केला. या कंपनीत पीएफ पूर्ण बेसिक-डीएवर भरतात, मालकाचे १२ टक्के. ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे महिन्याचा पगार गुणिले १५ भागिले २६, महिन्यावर आणलं तर बेसिकच्या ४.८१ टक्के. म्हणजे बेसिकमध्ये १,००० वाढले की कंपनीला साधारण १,१६८ पडतात. त्या हिशोबानं मॅनेजमेंटचे ३,६०० सीटीसी म्हणजे बेसिकमध्ये जेमतेम ३,०८२. आणि युनियनचे ६,००० बेसिक म्हणजे कंपनीला ७,००९. दोघांमध्ये जेवढं अंतर दिसत होतं त्याहून जास्त होतं, म्हणूनच कदाचित पहिल्या बैठकीत एवढा आरडाओरडा.

हा हिशोब सारांशात टाकायचा का, यावर वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले टाक, पण वेगळ्या रकान्यात, आणि बोललेल्या आकड्याला हात लावू नको. "बोलले ते त्यांचं, मोजलं ते तुझं, दोन्ही मिसळले की दोघंही म्हणतील आम्ही असं म्हणालोच नव्हतो." पटलं.

७ एप्रिल

आज एक वाईट झालं, म्हणजे माझ्यामुळं नाही पण माझ्या कानावर आलं.

दुसऱ्या बैठकीत ३,६०० नंतर युनियनवाले बाहेर गेले, आपसात बोलायला. मोबाइल तसाच चालू राहिला, टेबलावर, साहेब लोकांसमोर. पहिल्यांदा मला कळलंच नाही की ब्रेक झालाय, मी लिहीत गेले, आणि चारेक मिनिटांनी एक आवाज म्हणतो की अमुकपर्यंत जाऊ, पण आज नको. मग डोक्यात लाईट लागली. हे बैठकीत बोललेलं नाहीये, हे त्यांचं घरातलं बोलणं आहे.

तिथंच थांबवलं. २२ मिनिटांचा तुकडा आहे, पुढचा ऐकला नाही. जे लिहिलं होतं ते काढलं. आकडा इथं पण लिहीत नाही. तुकडा उडवायचा विचार आला होता पण मूळ रेकॉर्डिंगला कात्री लावणारी मी कोण, उद्या कोणी म्हणेल मधलं कापलं. दोन्ही बाजूंना एकच मेसेज पाठवला: दुसऱ्या बैठकीत १:२१:४० ते १:४३:४० हा ब्रेक आहे, त्यात एकाच बाजूचं आपसातलं बोलणं आलंय, सारांशात ते घेतलेलं नाही, तुकड्याचं काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. एचआरचा फोन आला, आवाज जरा बारीक होता.

त्रास असा की ऐकलेलं विसरता येत नाही. आता ३,६०० च्या पुढं "शेवटचं" लिहिताना हसू येतं. पण लिहायचं तेच, कारण खोलीत सगळ्यांसमोर ते "शेवटचं" म्हणाले. पुढच्या बैठकीत आकडा वाढला तर तेही तसंच लिहायचं, वाचणारा काय ते समजेल.

९ एप्रिल

तिसरी बैठक, सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त अहिराणी यातच. पहिल्या दोन बैठकांत सगळे इस्त्री केलेल्या मराठीत बोलत होते. तिसऱ्यात घाम निघाला तसे घरच्या भाषेत आले. माझं माहेर पारोळ्याकडचं, म्हणून बरं.

आखाजीच्या पगारी सुट्टीचा विषय निघाला. आप्पांनी विचारलं आणि एचआर साहेब (ते अमळनेरकडचे) म्हणाले "व्हई जाई आप्पा". युनियनवाले हसले, कोणीतरी टेबल वाजवलं, विषय पुढं गेला. आता "व्हई जाई" म्हणजे काय? होऊन जाईल. दिलं असं पण होतं आणि होईल काहीतरी, डोकं खाऊ नका असं पण होतं. मी मराठी करून "मान्य" लिहिलं असतं तर मीच सुट्टी दिली असती. म्हणून नेमके शब्द तसेच ठेवले आणि पुढं लिहिलं "होकार की आश्वासन, विचारायचं". त्याच बैठकीत रात्रपाळी भत्त्यावर तेच साहेब म्हणतात "देखसूत". ते मात्र सोपं आहे, देखसूत म्हणजे बघू, आणि बघू म्हणजे अजून काहीच नाही.

रात्रपाळी भत्त्याबद्दल अजून एक. "देखसूत" नंतर तो विषय परत निघालाच नाही, कोणाकडूनच. माझ्या पहिल्या कच्च्या कागदावर मी "युनियननं सोडला" असं लिहिलं होतं, ते खोडलं. गप्प बसणं म्हणजे सोडणं नाही. "तिसऱ्या बैठकीत ०:१९ नंतर चर्चा नाही, मागणी मागे घेतल्याचं कोणी म्हटलेलं नाही." एवढं लांब वाक्य, पण दुसरा इलाज नाही.

१० एप्रिल

आजचा दिवस फक्त तिसऱ्या लूमवर गेला.

कंपनीला एका ऑपरेटरकडं चटई विणायची दोनऐवजी तीन लूम पाहिजेत. मॅनेजमेंट म्हणाली ३,८०० देतो, पण तीन लूम चालवा. आप्पांनी दोन दारं उघडली: तिसरं लूम नको असेल तर ४,५००, पाहिजे असेल तर ४,२००. मला पहिल्यांदा वाटलं मी उलटं ऐकलं. काम वाढवून पैसे कमी कोण मागतं? तीनदा ऐकलं. मग पुढचं वाक्य सापडलं जे कूलरखाली दबलं होतं: "पण तीन लूममागं एक हेल्पर, आणि तीन महिने ट्रायल, जमलं नाही तर परत दोन." आता समजलं. हेल्पर म्हणजे नवीन माणसाचा पगार कंपनीच्या डोक्यावर, म्हणून वाढीत ते ३०० सोडायला तयार. शिवाय बरीच हेल्परची पोरं आत्ता काँट्रॅक्टवर आहेत, त्यांना आत घेता येईल हा आप्पांचा मनातला हिशोब असावा, पण ते रेकॉर्डिंगमध्ये नाही, म्हणून कागदावर पण नाही.

इथं माझी चूक झाली होती. काल रात्री आप्पांना फोनवर कच्चं वाचून दाखवलं (दोघांना सारखंच वाचून दाखवते, आधी त्यांना मग एचआरना) त्यात लिहिलं होतं "युनियननं तीन लूम मान्य केले". आप्पा दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाले, "ताई, हे छापलं ना तर उद्या गेटवर पोरं मला उभं राहू देणार नाहीत." बरोबर होतं त्यांचं. हेल्पर आणि ट्रायलशिवाय त्यांनी कधीच होकार दिला नव्हता. मी चाल एका ओळीत आणि अट दुसऱ्या रकान्यात ठेवली होती आणि वाचताना फक्त चाल वाचली. आता अट त्याच वाक्यात, "जर" पासूनच सुरुवात: "जर तीन लूममागं एक हेल्पर दिला आणि तीन महिन्यांची ट्रायल ठेवली, तर युनियन तीन लूमला तयार, वाढ ४,२००." आणि हेही लिहिलं की हे पॅकेज आहे, यातला एक तुकडा उचलून दुसरा सोडता येत नाही.

११ एप्रिल

१:१२:०५. एचआर म्हणतात "चला, ४,२०० डन". हेल्पर, ट्रायल सगळं धरून. खुर्च्या सरकल्याचा आवाज, कोणीतरी "चहा सांगा रे". आप्पांचे ४,२०० आणि साहेबांचे ४,२००, ठरलं.

पण त्याच्या चाळीस सेकंद आधी साहेब म्हणतात "ग्रॉस धरा". सीटीसी सोडून ग्रॉसवर, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी वगळून बेसिक आणि भत्त्यांच्या बेरजेवर आले, तेही चालता चालता, आणि त्यावर समोरून कोणी काही बोललं नाही. आप्पांचं माप मात्र अजून बेसिकच, त्यांनी कुठंच बदललेलं नाही.

कागदावर बसवून बघितलं. सध्याच्या पगारात बेसिक-डीए ६० टक्के आणि घरभाडं वगैरे ४० असं पडतं, नवीन वाढ पण तशीच पडली असं धरलं तर ४,२०० ग्रॉस म्हणजे बेसिकमध्ये २,५२०, आणि कंपनीचा खर्च ४,६२४. सगळे समजतायत की मॅनेजमेंट ३,८०० वरून ४,२०० वर आली म्हणजे ४०० हलली. सीटीसीच्या मापानं ती ८२४ हलली. म्हणजे साहेबांनी दिसतं त्याच्या दुप्पट सोडलं आणि त्याचं श्रेय पण घेतलं नाही, बहुतेक त्यांनाही तेव्हा कळलं नसेल. उलट युनियनच्या मापानं तेच ४,२०० पूर्ण बेसिकमध्ये गेले तर खर्च ४,९०६. दोघांच्या ४,२०० मध्ये माणशी २८२ चा फरक, १८० लोकांचे महिन्याला जवळपास ५१ हजार.

"४,२०० वर सहमती" असं लिहिणं सगळ्यात सोपं होतं आणि सगळ्यांना तेच आवडलं असतं. लिहिलं असं: आकडा जुळला, कशावर मोजायचा ते जुळलेलं नाही, मॅनेजमेंट ग्रॉस (१:११:२५), युनियन बेसिक (मागणीपत्र, आणि बैठक १, ०:०९:५०), खुलं.

१२ एप्रिल

वाढ कशी वाटायची तो भाग. इथं आकडा अजिबात हलत नाही आणि तरी पैसे हलतात, म्हणून हा मुद्दा कच्च्या कागदात माझ्याकडून जवळजवळ सुटलाच होता.

मॅनेजमेंटचं म्हणणं ४,२०० तीन वर्षांत ४०-३०-३०. म्हणजे पहिल्या वर्षी १,६८०, दुसऱ्या वर्षी एकूण २,९४०, तिसऱ्या वर्षी पूर्ण ४,२००. युनियनचं ५०-२५-२५, म्हणजे २,१००, ३,१५०, ४,२००. शेवट दोन्हीचा सारखाच. पण छत्तीस महिन्यांची वाढ मोजली तर पहिल्यात १,०५,८४० आणि दुसऱ्यात १,१३,४००. माणशी ७,५६० चा फरक, १८० जणांचे साडेतेरा लाखांवर जातात. १:३४ ला साहेब "ठीक आहे, पन्नास घ्या" म्हणतात, जणू चहात साखर घ्या. सारांशात ही मॅनेजमेंटची सवलत म्हणून वेगळी ओळ केली.

त्याच्या लगेच मागं थकबाकी. करार १ जानेवारीपासून मोजायचा यावर दोघं तयार, पण पगारवाढ एप्रिलपासून हातात येणार, मग तीन महिन्यांच्या फरकाचं काय. मॅनेजमेंट आधी म्हणत होती काही नाही. युनियनचं म्हणणं २,१०० गुणिले तीन, ६,३००. तुटलं ४,००० एकरकमी वर. ही एकच चाल दोन्ही बाजूंच्या यादीत गेली: मॅनेजमेंटनं शून्यावरून ४,००० दिले, युनियननं ६,३०० मधले २,३०० सोडले. मला आधी वाटलं दोनदा मोजल्यासारखं होतंय, पण नाही, सोडलेलं मोजायचं तर प्रत्येकाचं त्याच्या स्वतःच्या आधीच्या जागेपासूनच मोजावं लागतं. समोरच्याच्या जागेपासून मोजलं की प्रत्येकाला वाटतं आपणच सगळं दिलं.

१३ एप्रिल

दोघांना एकाच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. चार पानं. पहिल्या पानावर मुद्देवार स्थिती, मग चाली वेळेसकट, शेवटी कोणी काय सोडलं, आणि सगळ्यात वर जाड अक्षरात तीन खुले मुद्दे: ४,२०० कशावर, आखाजीची सुट्टी, रात्रपाळी भत्ता.

दुपारी एचआरचा फोन. बोनसच्या शेऱ्यावर नाराज, अपेक्षा होतीच. शेरा ठेवला, पण त्यांचं म्हणणं होतं की "कायद्यानं देय" शब्द टोमण्यासारखा वाटतो, म्हणून "बोनस कायद्यातील किमान दर" केलं. आखाजीवर विचारलं तर हसले, "ताई, व्हई जाई म्हटलं म्हणजे झालंच ना, लिहा मान्य." मी म्हटलं तसं एका ओळीत व्हॉट्सअ‍ॅप करा. केलं. मगच स्थिती बदलली, आणि नेमक्या शब्दांच्या रकान्यात "व्हई जाई" तसंच ठेवलं, खाली मेसेजची तारीख.

ग्रॉस-बेसिकवर दोघंही एकेक दिवस मागतात. युनियनमधला एक तरुण पोरगा फोनवर चिडला की तुम्ही मध्ये काडी घातली, ठरलं होतं की सगळं. काय बोलणार त्याला. पहिला पगार झाल्यावर स्लिप बघून त्याला स्वतःलाच कळलं असतं.

१६ एप्रिल

आप्पा आणि साहेब काल भेटले, वकीलसाहेबांच्या ऑफिसात, रेकॉर्डिंग नव्हतं. ठरलं: ४,२०० मधले ७० टक्के बेसिकमध्ये, ३० भत्त्यात. म्हणजे बेसिकला २,९४०. मी खोलीत नव्हते, म्हणून सारांशात चाली म्हणून काही घातलं नाही, फक्त लिहिलं "रेकॉर्डिंगबाहेर ठरलं, दोघांच्या सहीचं पत्र जोडलंय". रात्रपाळी भत्ता पुढच्या करारावर ढकलला, तेही त्याच पत्रात आहे, म्हणून आता पहिल्यांदा त्या ओळीत "मागणी स्थगित" लिहिता आलं.

२२ मिनिटांच्या तुकड्याचं पण ठरलं, मूळ फाइल वकीलसाहेबांकडं बंद पाकिटात. माझ्याकडची कॉपी त्यांच्यासमोर डिलीट केली.

करार वकीलसाहेब लिहितायत. त्यांनी फक्त एक विचारलं, तीन लूमची ट्रायल सहीच्या तारखेपासून की हेल्पर कामावर आल्याच्या तारखेपासून. रेकॉर्डिंगमध्ये शोधलं. कोणीच बोललेलं नाही. खुल्या मुद्द्यांत परत एक ओळ वाढवली आणि आप्पांना फोन लावला, लागत नाहीये, बहुतेक पाळीवर असतील.